पासबुकातल्या छोट्या ओळी

वर्षातून एकदा आपल्यातले बरेच जण पासबुक उघडतात ते व्याजाची रक्कम वेगळी काढण्यासाठी. ती ओळ सापडली की पासबुक पुन्हा कपाटात जाते. आमच्याही घरी असेच चालले होते. यंदा मात्र अम्मींच्या पासबुकात व्याज शोधताना ‘डेबिट’च्या रकान्यातली १७ रुपये ७० पैशांची ओळ चार वेळा दिसली आणि आम्ही थांबलो. अब्बांच्या माघारी याच खात्यात अम्मींचे निवृत्तिवेतन येते. त्या महिन्यातून एकदाच पैसे काढतात.

बँकेतून १ एप्रिल ते ३१ मार्चचे पूर्ण विवरणपत्र घेतले आणि पाचशे रुपयांखालची प्रत्येक कपात वहीत उतरवली. `SMS CHRG` म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या संदेशांचे शुल्क, दर तीन महिन्यांनी १७.७०. वर्षाचे झाले ७०.८०. `ATM AMC` म्हणजे कार्डाची वार्षिक फी, १४७.५०. ही मात्र वर्षात दोनदा कापली होती. एकूण ३६५ रुपये ८० पैसे.

हे आकडे असे विचित्र का असतात? कारण फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. आकड्याला १.१८ने भागले की मूळ फी कळते. १७.७० म्हणजे १५ रुपये, १४७.५० म्हणजे १२५ रुपये. काही बँका कर वेगळ्या ओळीत दाखवतात, तेव्हा दोन्ही ओळी मिळवून पाहाव्यात. मूळ फी कळली की ती बँकेच्या सेवाशुल्काच्या तक्त्याशी ताडता येते. हा तक्ता शाखेत आणि बँकेच्या संकेतस्थळावर असतो.

कार्डाची फी दोनदा का, याचे उत्तर घरातच मिळाले. तीन वर्षांपूर्वी बँकेने अम्मींना नवे कार्ड दिले होते. जुने त्यांनी डब्यात ठेवून दिले. न वापरलेले कार्ड आपोआप बंद होते असे आम्हाला वाटायचे. तसे होत नाही. बँकेच्या नोंदीत ते चालू असेल तर फी कापली जाते. दोन्ही ओळींत कार्डांचे शेवटचे चार आकडे वेगवेगळे होते, त्यावरून खात्री पटली.

काउंटरवर तोंडी सांगितल्यावर “सिस्टीमच कापते” एवढेच उत्तर मिळाले. मग अम्मींच्या सहीने अर्ज दिला. त्यात तारखा, रकमा आणि तीन मागण्या लिहिल्या: जुने कार्ड बंद करावे, त्यावर घेतलेली फी परत करावी आणि संदेशांचे शुल्क प्रत्यक्ष संदेशांनुसार घ्यावे. शेवटच्या मागणीला आधार आहे. संदेशांचे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार आकारावे, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३मध्ये बँकांना सांगितले आहे. अम्मींना तीन महिन्यांत आठ संदेश आले होते आणि पैसे गेले पूर्ण पंधरा रुपये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मात्र आठवणीने घेतली.

बारा दिवसांनी जुन्या कार्डाचे यंदाचे १४७.५० परत आले. मागच्या वर्षांचे मिळाले नाहीत. पुढच्या तिमाहीत आठ संदेशांचे, प्रत्येकी २५ पैसे दराने, करासह २ रुपये ३६ पैसे कापले गेले.

फी वाचवण्यासाठी संदेशच बंद करून टाकू नयेत. खात्यातून कोणी परस्पर पैसे काढले तर ते आधी संदेशानेच कळते, आणि बँकेला जितक्या लवकर कळवू तितके आपले नुकसान कमी.

चालू कार्डाची फीही टाळता येते. मूलभूत बचत खात्यावर एटीएम कार्डाची वार्षिक फी लागत नाही आणि किमान शिलकीची अटही नाही. जुने खाते अर्ज देऊन तसे बदलून घेता येते. मर्यादा अशी की त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, आणि महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे काढणाऱ्यांनी पुढचे नियम आधी विचारून घ्यावेत. अम्मींना हे सोयीचे आहे, त्यांचा अर्ज आम्ही दिला आहे.

२० किंवा ४३६ रुपयांची वार्षिक कपात दिसली तर ती फी समजून बंद करू नका. ते सहसा पंतप्रधान विमा योजनांचे हप्ते असतात. एकाच माणसाच्या दोन खात्यांतून तोच हप्ता जात असेल तर मात्र एक थांबवा, कारण दावा एकाच खात्यावर मिळतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा अर्ज नाकारला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` येथे तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत. लागते ती शिक्का मारलेली प्रत. आम्ही ती पासबुकातच ठेवली आहे.