मेलबर्नमध्ये भारतीय किती? बेरीज चुकते कुठे

मुलाला परदेशी पाठवायचं ठरलं की सोनपेठच्या घरात मेलबर्नविषयी एक प्रश्न हमखास निघतो: तिथे आपली माणसं किती? कुणी ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेतला जन्मदेशाचा तक्ता दाखवतो: 2021 साली बृहन्मेलबर्नमध्ये भारतात जन्मलेले 2,42,635. दुसरा त्यात वंशाच्या तक्त्यातला आकडाही मिळवतो. मला दोन्ही उत्तरं मान्य नाहीत.

आधी बेरीज पाहू. सबंध ऑस्ट्रेलियात त्या वर्षी भारतात जन्मलेले 6,73,352 आणि वंश ‘भारतीय’ सांगणारे 7,83,958 होते. मिळवले तर साडेचौदा लाखांच्या वर जातात. पण परभणी जिल्ह्यात जन्मलेले नवरा-बायको आणि त्यांची मेलबर्नला जन्मलेली मुलगी असं एक घर धरा. तिघांनीही वंश ‘भारतीय’ लिहिला. जन्माच्या तक्त्यात दोघे, वंशाच्या तक्त्यात तिघे, बेरीज पाच. माणसं मात्र तीनच, कारण आईबाप दोनदा मोजले गेले.

मग नुसता जन्माचा तक्ता घ्यावा, तर तो या मुलीलाच वगळतो. फिजीत जन्मलेले गिरमिटियांचे वंशजही त्यात येत नाहीत. ब्रिटिश अमदानीत इथे जन्मलेला इंग्रज अधिकाऱ्याचा मुलगा मात्र त्यात बसतो.

वंशाचा तक्ताही एकटा पुरत नाही. माणूस स्वतः सांगेल तोच वंश, आणि फार तर दोन उत्तरं धरली जातात. ‘पंजाबी’, ‘अँग्लो-इंडियन’, ‘फिजी भारतीय’ यांच्या नोंदी वेगळ्या आहेत. कुणी ‘पंजाबी’ एवढंच लिहिलं तर तो ‘भारतीय’च्या ओळीतून गळतो. ‘पंजाबी’ची ओळ सरसकट जोडावी, तर लाहोरकडचे पंजाबीही आत येतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की तिथल्या सांख्यिकी खात्याच्या TableBuilder मध्ये जन्मदेश (BPLP) आणि वंशाची दोन्ही उत्तरं (ANC1P, ANC2P) एकाच तक्त्यात आडवी-उभी मांडावीत. जन्म भारतातला किंवा वंश भारतीय, यातलं एक जरी लागू असलं तरी माणूस धरायचा, पण एकदाच. ‘भारतीय’मध्ये कोणकोणते वंश घेतले, तेही आकड्याशेजारी लिहायचं. पडताळा सोपा आहे: उत्तर दोन्हींतल्या मोठ्या आकड्याहून कमी येऊ नये, आणि बेरजेच्या जवळ गेलं तर दुबार मोजणी झाली समजावं. उपनगरांचे छोटे आकडे जोडून शहराचा आकडा काढू नये. गोपनीयतेसाठी खातं आकडे मुद्दाम किंचित हलवतं, त्यामुळे ती बेरीज जुळत नाही.

इतकं करूनही ते चित्र 10 ऑगस्ट 2021 च्या रात्रीचं राहतं. तेव्हा कोविडमुळे ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या आणि तिथे शिकणारी कितीतरी मुलं भारतातच अडकली होती. नातवंडांकडे काही महिन्यांसाठी गेलेले आजी-आजोबा तर तिथल्या रहिवाशांच्या तक्त्यात धरलेच जात नाहीत.