दप्तर केव्हा मिटायचे?

सरकारी खात्यात नवी संगणकप्रणाली अवतरते तेव्हा तिच्यापुढे चोपदारासारखे परिपत्रक चालत असते. त्यात अंमलाची तारीख ठळक अक्षरांत असते, प्रशिक्षण आधी जिल्ह्यात, मग तहसिलीत आणि अखेरीस सज्जाच्या तलाठ्यापर्यंत उतरणार असल्याचे नमूद असते, आणि अडचण उद्भवल्यास कोणाकडे दाद मागावी याची परंपराही सांगितलेली असते. महसूल खात्याच्या ई-फेरफारात ही परंपरा तालुक्याचा नायब तहसीलदार, जिल्ह्याचा उपजिल्हाधिकारी आणि पुण्याचे जमाबंदी आयुक्तालय अशी चढत जाते. नवे दप्तर केव्हा उघडायचे हे इतक्या बारकाईने सांगणारे कागद जुने दप्तर केव्हा व कसे मिटायचे याविषयी मात्र बहुधा संकोचाने मौन पाळतात.

आयटी पार्कमुळे हिंजवडीच्या परिसरातील जमिनीची खरेदी-विक्री अखंड चालू असते, म्हणून उदाहरणादाखल मुळशी तालुक्यातील जांबे हेच गाव घेऊ. समजा, तेथील एका गटाचे खरेदीखत २५ तारखेला नोंदले गेले, तलाठ्याने त्याच दिवशी हस्तलिखित गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरून हितसंबंधीयांना नोटिसा काढल्या, आणि नवी प्रणाली १ तारखेस सुरू झाली. हरकतीची १५ दिवसांची मुदत १० तारखेच्या सुमारास संपणार. परंतु नोंद प्रमाणित करावयाच्या मंडल अधिकाऱ्याने एव्हाना लेखणी ठेवून संगणकीय स्वाक्षरी हाती घेतलेली असते, आणि त्याच्या पडद्यावर ती नोंद मुळी नसतेच. ती नव्याने भरावी तर नवा क्रमांक आणि पुन्हा नोटीस. न भरावी तर विकणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर पूर्ववत राहणार, आणि तो भला गृहस्थ नसेल तर तीच जमीन दुसऱ्यालाही दाखवू शकणार.

ही गफलत यंत्राला उमगत नाही, हे विशेष. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळत नसेल तर प्रणाली तत्काळ ओरडते. येथे मात्र बेरीज बिनचूक जुळते, चुकलेला असतो तो मालक. असा दोष हस्तलिखित नोंदवही संगणकाशेजारी ठेवून वाचल्यावाचून सापडत नाही, आणि गावोगाव चावडीवाचने घ्यावी लागली ती काही वक्तृत्वाच्या हौसेखातर नव्हे. पुढे दुरुस्ती म्हटली की अर्ज, सुनावणी, तहसीलदाराचा हुकूम आणि खातेदाराचे हेलपाटे.

प्रशिक्षणात हे सांगत का नाहीत? कारण तेथे सरावासाठी दिलेल्या गावात प्रलंबित नोंद कधीच नसते! वास्तविक, हस्तलिखित वहीतील अखेरचा फेरफार क्रमांक कोणता, तिच्यातील प्रलंबित नोंदी कोणत्या तारखेपर्यंत तिथेच निकाली काढायच्या आणि उरलेल्या कोणी, कोणत्या क्रमांकाने नव्या दप्तरात आणायच्या, एवढे एक वाक्य परिपत्रकात पुरेसे झाले असते. अर्थात त्यासाठी मसुदा एखाद्या जुन्या मंडल अधिकाऱ्यास दाखवावा लागला असता, आणि त्याचा प्रवासभत्ता कोणत्या शीर्षाखाली खर्ची घालायचा, हा प्रश्न तर प्रणालीहूनही बिकट आहे.