नोकरी जाणार नाही. पण जागा भरणार का?

पिंगळीतील बँक शाखेच्या व्यवस्थापकांनी कर्मचाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचे स्वागत करणारे पत्र वाचले. चॅटबॉट नेहमीच्या चौकशा सांभाळेल, कोणाची नोकरी जाणार नाही, हे त्यांनी मनापासूनच सांगितले असेल. पण नेहमीची चौकशी म्हणायची कशाला? पीएम-किसानचा हप्ता जमा झाला का, एवढे चॅटबॉट अचूक सांगेल. ‘जमा नाही’ म्हटल्यावर शेतकऱ्याची खरी अडचण सुरू होते. आधारवर येणारे अनुदान एनपीसीआयच्या नोंदीत आधार ज्या बँकेशी शेवटचे जोडले गेले, तिथेच जाते. मध्यंतरी परभणीत दुसऱ्या बँकेत खाते उघडून आधार जोडले असेल, तर हप्ता तिकडे पडतो आणि इथले पासबुक कोरेच राहते. दोन-तीन उलट प्रश्न विचारून हे हुडकून काढतो तो काउंटरवरचा लिपिक.

वाचलेला वेळ लिपिक अशाच कामांना देतील, हा पत्रलेखकांचा मुद्दा रास्त आहे, पण पदे टिकली तरच. संगणकीकरणानंतरही थेट नोकरकपात झाली नाही. मात्र 2000-01 मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख जण स्वेच्छानिवृत्तीने गेले आणि त्यांतल्या अनेक जागा पुन्हा भरल्याच नाहीत. भरतीचा निर्णय शाखा व्यवस्थापकांच्या हातात नसतो. तेव्हा निवृत्त होणाऱ्याच्या जागी माणूस देण्याची हमी मुख्य कार्यालयाने लेखी द्यावी.

— एक वाचक, पिंगळी (जि. परभणी)