विश्लेषण : भर कार्यक्रमात टिंगल होऊनही प्रेक्षक का हसतो?

स्टँडअप कॉमेडीत कलाकार लिहून आणलेले विनोद बाजूला ठेवून समोरच्या प्रेक्षकांशी गप्पा मारतो, त्यांची फिरकी घेतो. याला ‘क्राउड वर्क’ म्हणतात. हे सगळे ऐनवेळचे वाटते, पण त्यामागे ठरलेली पद्धत असते.

सुरुवात कशी होते?
कलाकार आधी सोपा प्रश्न विचारतो. समजा, पहिल्या रांगेतल्या जोडप्याला विचारले, ‘‘लग्नाला किती वर्षे झाली?’’ नवरा म्हणाला ‘सहा’, बायको म्हणाली ‘सात’. कलाकार दोन्ही उत्तरे माइकवर पुन्हा उच्चारतो. त्यामुळे मागच्या रांगांना ती ऐकू जातात आणि त्याला विचार करायला दोन सेकंद मिळतात. मग तो म्हणतो, ‘‘म्हणजे पहिले वर्ष दादांनी धरलेलेच नाही!’’ इथे विनोद नवऱ्याच्या दिसण्यावर, रंगावर किंवा जातीवर नाही, त्याने स्वतः दिलेल्या उत्तरावर आहे. म्हणून तोही हसू शकतो.

प्रेक्षक बाजूने कसा राहतो?
नवरा म्हणाला, ‘‘पहिले वर्ष मी दुबईत होतो,’’ आणि सभागृहात हशा पिकला, तर जाणता कलाकार त्यावर कुरघोडी करत नाही. तो हात जोडतो, टाळ्या त्या नवऱ्याला मिळू देतो. तासाभराने स्वतःचा किस्सा सांगताना तो म्हणतो, ‘‘सहा वर्षांपूर्वी... की सात? ताईंना विचारा.’’ जुन्या विनोदाकडे असे परत येणे म्हणजे ‘कॉलबॅक’. त्यातून ते जोडपे थट्टेचा विषय न राहता कार्यक्रमाचा भाग बनते. प्रेक्षकांचा अपमान करण्यासाठीच प्रसिद्ध असलेले अमेरिकी विनोदवीर डॉन रिकल्स (१९२६-२०१७) हेसुद्धा कार्यक्रमाच्या शेवटी मायेचे चार शब्द बोलत.

बिघडले हे कसे कळते?
ज्याची थट्टा चालली आहे तो एका शब्दात उत्तरे देऊ लागतो, हाताची घडी घालतो. शेजारचे हसायचे थांबतात. माइक आणि प्रकाशझोत कलाकाराकडे असतो, त्यामुळे समोरचा एकटा पडला असे वाटताच सभागृह त्याची बाजू घेते. अशा वेळी आणखी एक टोला हाणणे म्हणजे आगीत तेल ओतणे. विनोद स्वतःवर वळवायचा आणि दुसऱ्या रांगेकडे जायचे, हाच उपाय.

मोबाइलवर याच क्लिप का दिसतात?
लिहिलेला विनोद एकदा ऑनलाइन गेला की तिकीट काढून आलेल्यांसाठी तो शिळा होतो. क्राउड वर्क मात्र दुसऱ्या दिवशी तसेच्या तसे घडणार नसते, त्यामुळे ते फुकट दाखवून तिकिटे विकता येतात. पण मिनिटभराच्या क्लिपमध्ये फसलेले प्रयत्न आणि नंतरची समजूत दोन्ही कापले जातात. सभागृहात शंभर जणांपुढे हसून सोडून दिलेली थट्टा मग लाखो अनोळखी लोकांपुढे जाते. त्या हसण्यात क्लिपची परवानगी धरलेली नसते. ती वेगळी विचारावी लागते.