कंपनीतील धाकटा वाटा आणि तीन कलमे

भागीदारीच्या पेढीत नवा भागीदार घ्यावयाचा तर, करारात वेगळे काही नसल्यास, सर्व भागीदारांची संमती लागते. १९३२ च्या भागीदारी कायद्याने ही राखण आपल्याला दिली आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ती अशी आयती मिळत नाही. २०१३ चा कंपनी कायदा एवढेच म्हणतो की, खासगी कंपनीच्या नियमावलीत शेअरच्या हस्तांतरणावर निर्बंध असले पाहिजेत. निर्बंध कोणता, तो कोणाच्या हिताचा आणि भाव कसा ठरणार, हे सारे नियमावलीवर सोडले आहे. म्हणून नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात नात्याच्या शब्दावर रक्कम गुंतविणाऱ्या सुज्ञ वाचकांनी ताळेबंदाबरोबर नियमावलीही वाचावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, डाळमिलच्या एका खासगी कंपनीचे १,००,००० शेअर आहेत. त्यांपैकी ६०,००० मूळ मालकाकडे, २०,००० आपल्याकडे आणि २०,००० तिसऱ्या गुंतवणूकदाराकडे आहेत.

पहिले कलम अग्रक्रयाचे. तिसऱ्या गुंतवणूकदाराला बाहेर पडावयाचे आहे आणि बाहेरचा एक ग्राहक प्रतिशेअर ४०० रुपये देण्यास तयार आहे. अग्रक्रयाचा हक्क असेल, तर त्याने शेअरची संख्या, भाव व ग्राहकाचे नाव लिहून कंपनीला नोटीस द्यावयाची आणि ते शेअर प्रथम उरलेल्या सभासदांना त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात देऊ करावयाचे. येथे प्रमाण तीनास एक. मालकाला १५,००० आणि आपल्याला ५,००० शेअर घेता येतील. आपल्या ५,००० शेअरचे २० लाख रुपये नोटिशीच्या मुदतीत उभे करावे लागतील. मुदत पंधराच दिवसांची असेल, तर हा हक्क कागदावरच राहण्याची शक्यता अधिक. बाहेरच्याला विकताना देऊ केलेल्या भावापेक्षा कमी भाव लावता येणार नाही, हेही कलमात असावे. नाहीतर सभासदांना ४०० सांगून बाहेर ३०० ला माल जातो.

हा हक्क कोठे लिहिला आहे, याला फार महत्त्व आहे. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या प्रकरणात एका कुटुंबाची छोटी खासगी कंपनी होती. शेअर पन्नास आणि दोन शाखांकडे ते निम्मे निम्मे. शेअर विकावयाचे झाल्यास प्रथम आपल्याच शाखेला द्यावयाचे, असे घरात ठरलेले होते. परंतु नियमावलीत ते नव्हते. एकाने शेअर दुसऱ्या शाखेला विकले. घरातील ही बोली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर आणि भागधारकांवर बंधनकारक मानली नाही, कारण नियमावलीत नसलेला निर्बंध लादता येत नाही.

भावाविषयीचा धडा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीत पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचे २७ टक्के आणि बजाज ऑटोचे २४ टक्के शेअर होते. विकणाऱ्याने प्रथम दुसऱ्याला विचारावे, असा दोघांत करार होता. महामंडळाने शेअर विकावयाचे ठरविले आणि वाद भावावर अडला. २००६ मध्ये लवादाने प्रतिशेअर १५१.६३ रुपये भाव ठरविला. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने तो निवाडा रद्द केला, कारण ही पब्लिक कंपनी असून तिचे शेअर मुक्तपणे हस्तांतरणीय आहेत. २०१५ मध्ये खंडपीठाने तो निवाडा पुन्हा उचलून धरला आणि भागधारक आपसांत असा करार करू शकतात, असे मानले. हक्क होता, पण भाव कोणत्या रीतीने व किती दिवसांत ठरवावयाचा, हे निर्विवाद नसले की वर्षे अशी जातात. म्हणून मूल्यांकन कोणी करावयाचे, कोणत्या तारखेचे धरावयाचे आणि अल्प वाट्याच्या नावाखाली भाव कापावयाचा की नाही, हे तिन्ही मुद्दे आधीच लिहावेत.

दुसरे कलम टॅग-अलाँगचे, म्हणजे सोबत विकण्याचे. आता मालकच विकतो आहे आणि ग्राहकाला ५०,००० शेअर हवे आहेत. हे कलम नसेल, तर मालक आपले ५०,००० विकून रक्कम घेईल आणि आपण अनोळखी मालकाच्या हाताखाली राहू. कलम असेल, तर ते ५०,००० प्रमाणात वाटले जातील. मालकाचे ३०,००० आणि आपले व तिसऱ्याचे प्रत्येकी १०,०००. त्यातही आपले १०,००० शेअर अडकून उरतातच. म्हणून कंपनीचा ताबा बदलत असल्यास सर्व शेअर विकण्याचा हक्क मागावा. आणखी एक फट ध्यानी घ्यावी. शेअरचा भाव कमी दाखवून मालकाला सल्लागार फी किंवा स्पर्धा न करण्याचा मोबदला वेगळा दिला जाऊ शकतो. ‘कोणत्याही नावाने मिळालेली रक्कम भावात धरली जाईल’ एवढे एक वाक्य ही फट बुजवते.

तिसरे कलम ड्रॅग-अलाँगचे, म्हणजे ओढून नेण्याचे. पूर्ण कंपनी घेणाऱ्या ग्राहकासाठी ठरावीक बहुमत आपल्यालाही विकावयास लावू शकते. हे सर्वथा वाईट नव्हे. एका सभासदाच्या हट्टाने चांगला सौदा मोडू नये, यासाठी ते असते. मात्र ग्राहक मालकाच्या नात्यातला किंवा त्याच्याच दुसऱ्या कंपनीचा नसावा, सर्वांना एकच भाव रोखीने मिळावा, किमान भावाची पायरी लिहिलेली असावी आणि आपली हमी केवळ आपल्या शेअरच्या मालकीपुरती असावी. बहुमताचा आकडाही नीट पाहावा. तो ६० टक्के असेल, तर आमच्या उदाहरणात एकटा मालकच आपल्याला ओढून नेईल.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही तिन्ही कलमे नियमावलीत आली, तरी विशेष ठरावाने ती बदलता येतात. विशेष ठरावास बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. आरंभी मालकाची ६०,००० मते आणि बाहेरच्यांची ४०,०००, म्हणून ठराव अडत होता. तिसरा सभासद गेल्यावर आपण आपला अग्रक्रय पूर्ण वापरला, तरी मालकाकडे ७५,००० आणि आपल्याकडे २५,००० शेअर होतात. बरोबर तिप्पट, ठराव मंजूर! पंचवीस टक्के म्हणजे ठराव अडविण्याची ताकद, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात सर्व मते पडली, तर त्याहून एक शेअर तरी जास्त लागतो.

यावर उपाय कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे. काही तरतुदी विशेष ठरावापेक्षा कठीण अटींवरच बदलता येतील, असे नियमावलीत लिहिता येते. ही तटबंदी कंपनी स्थापताना किंवा नंतर, खासगी कंपनीत सर्व सभासदांच्या संमतीने, घालता येते. ‘ही तीन कलमे आपल्या लेखी संमतीविना बदलू नयेत’ हे वाक्य आपले पैसे कंपनीच्या खात्यात जाण्यापूर्वी मागावे. त्या दिवशी मालकाला आपल्या सहीची गरज असते; पैसे जमा झाल्यावर ती उरत नाही.