उलट्या गणतीचा आठवडा

वर्धा शहरात नवे उपाहारगृह उघडावयाचे झाले म्हणजे वर्तमानपत्राच्या घडीत हस्तपत्रके सरकवावयाची, ऑटोवर भोंगा बांधून एक दिवस गावभर फिरवावयाचा आणि दारावर आंब्याच्या पानांचे तोरण लावून सत्यनारायणाच्या प्रसादाला शेजारपाजार बोलवावयाचा, एवढ्यावर मालकाचे प्रसिद्धीचे कर्तव्य कालपरवापर्यंत संपत असे. आता तेच कर्तव्य इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आठ-दहा दिवस चालते, आणि सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी, हिंदी विश्वविद्यालयातील परप्रांतीय मुले, तसेच १९७५ पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात संध्याकाळी चार मित्रांसह निवांत बसण्याची जागा शोधणारी नोकरदार मंडळी, या सर्वांना नव्या कॅफेची वार्ता प्रथम तेथेच लागते. म्हणून उद्घाटनाच्या आठवड्यातील पोस्टांचा क्रम हा बाजारपेठेवर लिहिणाऱ्याने गांभीर्याने घ्यावा असा विषय आहे, असे मी मानतो.

आमच्या परिचयातील एक भाऊ-बहीण गेल्या उन्हाळ्याअखेर आर्वी नाक्याच्या बाजूस कॅफे उघडण्याच्या तयारीत होती, आणि बहिणीने सात दिवसांच्या उलट्या गणतीचा मसुदा वहीत लिहून मला दाखविण्यास आणला होता. पहिल्या पानावर काळा पडदा, वाफेची एक रेघ आणि ‘काहीतरी खास येत आहे’ हे चार शब्द. दुसऱ्या दिवशी तेच चित्र आणि ‘सहा दिवस उरले’. तिसऱ्या दिवशी ‘पाच’. पाचव्या पानापर्यंत कॅफेचे नाव नव्हते, जागा नव्हती, आणि आत काय मिळणार याचा उल्लेख नव्हता. ज्या दुकानाचे नाव लोकांना आधीच ठाऊक आहे, त्याच्या बाबतीत पडद्यामागील गुपिताची उत्कंठा वाटते. ज्याचे नावच कोणी ऐकलेले नाही, त्याचे गुपित कोणाच्याही मनात राहत नाही. मी तिला इतकेच म्हटले, की पहिल्या दिवशी जे सांगावयाचे ते सातव्या पानावर गेले आहे.

परंतु खरी अडचण त्याही अगोदरची होती. गणती सुरू करण्याची तारीख तिने पंचांग पाहून ठरविली होती, स्वयंपाकघर पाहून नव्हे. विजेचे व्यावसायिक मीटर अद्याप बसावयाचे होते, अन्न परवाना विभागाकडे केलेल्या अर्जाचा नोंदणी क्रमांक हातात आला नव्हता, आणि फलक रंगाऱ्याकडे अर्धा पडून होता. हा फलक मराठीत, देवनागरी लिपीत असावा आणि त्याची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत, असा कायदा आहे; रंगाऱ्याने इंग्रजी नाव मोठे आणि मराठी नाव कोपऱ्यात काढले होते, तेव्हा तो पुन्हा रंगवावा लागला. अशा अवस्थेत ‘सात दिवस उरले’ असे जाहीर करून तारीख पुढे ढकलावी लागली असती, तर पहिल्या आठवड्यातच शब्द मोडल्यासारखे झाले असते. म्हणून आम्ही असे ठरविले, की मीटर, नोंदणी क्रमांक आणि फलक ही तीन कामे पुरी व्हावीत, त्यानंतर दोन संध्याकाळी नातलग व शेजारी मिळून वीस-वीस माणसांना बोलावून संपूर्ण यादीतील पदार्थ करून पाहावेत, आणि मगच पहिली पोस्ट जावी. उद्घाटनाचा वारही रविवारवरून गुरुवारवर आणला. गुरुवारी व शुक्रवारी गर्दी बेताची असते, हात बसतो, चुका कळतात. शनिवार-रविवारची झुंबड येते तेव्हा निदान कप कुठे ठेवले आहेत हे सर्वांना ठाऊक झालेले असते.

या दोन संध्याकाळी जे कळले त्यावर पुढचा सगळा मजकूर उभा राहिला. भावाची इच्छा अशी होती, की उद्घाटनाच्या सायंकाळी पाच वाजल्यापासून पहिल्या शंभर जणांना कॅपुचिनो विनामूल्य द्यावा. “काकाजी, शंभर कप फुकट म्हटलं की गर्दी होईनच ना जी!” तो म्हणाला, आणि गर्दी होईल याबद्दल मलाही शंका नव्हती. पण त्यांचे यंत्र एकाच मुखाचे होते आणि ते चालविणारा तो एकटा. दाणे दळणे, पूड दाबून बसविणे, पंचवीस-तीस सेकंदांत अर्क उतरविणे, दूध वाफेने फेसाळणे, नळी पुसणे, एवढे सर्व धरून त्या संध्याकाळी एका कपास दोन मिनिटे लागत होती. म्हणजे तासाला तीस कप, आणि शंभर कपांना तीन तास वीस मिनिटे. पाच वाजता रांगेत उभा राहिलेला शंभरावा माणूस आठ वाजून वीस मिनिटांनी कप हाती घेणार, आणि या अवधीत पैसे देऊन काही मागणाऱ्या गिऱ्हाइकाला यंत्र मिळणारच नाही. तेव्हा पोस्टने गर्दी आणावी आणि त्या गर्दीने दुकानाचे नाव खराब करून जावे, असा तो बेत होता.

आम्ही सवलतीचा पदार्थच बदलला. विनामूल्य कॅपुचिनोऐवजी निम्म्या किमतीत छोटी फिल्टर कॉफी ठेवली. कारण तिचे डिकॉक्शन दुपारीच काढून ठेवता येते, दूध पातेल्यात तापत असते, आणि कप भरावयास अर्धे मिनिटही लागत नाही. शंभर छोट्या कपांना सुमारे एक किलो पूड व बारा लिटर दूध, असा हिशेब धरला आणि सकाळच्या दूधवाल्याकडे तो आदल्याच दिवशी नोंदविला. डिकॉक्शन काही तासच चांगले राहते, रात्रभर ठेवले तर त्याची चव मरते. म्हणून सवलत दिवसभर न ठेवता पाच ते आठ एवढीच ठेवली आणि पोस्टमध्ये वेळ व संख्या दोन्ही नमूद केल्या. कोणत्याही उद्घाटनाच्या सवलतीची कसोटी ही आहे: जो पदार्थ आधी करून ठेवता येतो, तोच स्वस्तात द्यावा, ज्याला माणसाचा हात आणि यंत्राचे मुख प्रत्येक वेळी लागते, तो पूर्ण किमतीतच असावा.

मग बहिणीने पहिली पोस्ट पुन्हा लिहिली. रंगवून आलेल्या फलकाचे, भर दिवसा, रस्त्यापलीकडून काढलेले छायाचित्र; त्याखाली कॅफेचे नाव, ‘आर्वी नाक्यावरून आत वळल्यावर उजव्या हाताला, औषधाच्या दुकानाशेजारी’, गुरुवार व तारीख, सकाळी आठ ते रात्री नऊ, आणि दूरध्वनी क्रमांक. एवढेच. दोन दिवसांनी दुसरी पोस्ट, किमतींसह पदार्थांची यादी. कारण विद्यार्थी प्रथम किंमत विचारतो, आणि ती न सांगणारे दुकान महाग असावे असे गृहीत धरून पुढे जातो. तिसऱ्या पोस्टमध्ये भावाचे हात दूध फेसाळताना दिसत होते. त्या चित्रफितीला तिने लोकप्रिय चित्रपटगीत जोडले होते. परंतु व्यावसायिक खात्याला अशा गीतांचा हक्क बहुधा नसतो आणि आवाज बंद केला जातो, म्हणून ते काढून यंत्राचाच फुसकारा ठेवला, आणि तो गाण्यापेक्षा कानास अधिक बोलावणारा ठरला. मजकूर मराठीत होता, खाली एक ओळ हिंदीत. विश्वविद्यालयाच्या मुलांसाठी ती आवश्यक होती.

येथे दोन गोष्टींकडे नव्या मालकांचे हमखास दुर्लक्ष होते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठविलेला निरोप ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये जतन केलेला असतो, त्यांनाच पोहोचतो. बाकीच्यांच्या नावापुढे आपण कितीही उत्साहाने खूण केली तरी त्यांना काही मिळत नाही. म्हणून चाचणीच्या दोन संध्याकाळी आलेल्या चाळीस जणांकडून समोरच क्रमांक जतन करून घेतला. दुसरी गोष्ट गूगलच्या नकाशाची. तेथे दुकानाची पडताळणी पुष्कळदा जागेची चित्रफीत काढून दिल्यावरच होते आणि तिला काही दिवस जातात. ते काम उद्घाटनाच्या आदल्या रात्रीसाठी ठेवले, तर पोस्ट वाचून निघालेला माणूस नाक्यावर उभा राहून फोन करीत बसतो, आणि त्या वेळी फोन उचलण्यास कोणीच मोकळे नसते. उद्घाटनाची तारीख नकाशावर आगाऊ नोंदविता येते. ती पहिल्या पोस्टच्या अगोदरच नोंदवावी.

बुधवारची पोस्ट छोटी होती: ‘उद्या सकाळी आठ. फिल्टर कॉफी पाच ते आठ निम्म्या किमतीत, शंभर कप. दुचाकी मागच्या मोकळ्या जागेत लावावी.’ गुरुवारी सकाळी फक्त उघडलेल्या दाराचे छायाचित्र गेले. उद्घाटनाच्या दिवशी दर तासाला काही तरी टाकीत राहण्याची जी हौस आहे, ती मला मुळीच पसंत नाही. मालकाची नजर त्या दिवशी फोनवर असू नये, टेबलावर असावी. गल्ल्याशेजारी एक पुठ्ठा ठेवला होता आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘कुठून कळलं?’ एवढे विचारून त्यावर इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, ओळखीचे, रस्त्यावरून जाताना, अशा चार रकान्यांत रेघ मारली जात होती. रात्री रेघा मोजल्या तेव्हा सर्वांत मोठा रकाना ओळखीच्यांचा निघाला. चाचणीला आलेल्या चाळीस माणसांनी बोलून दाखविलेल्या शब्दाचे ते फळ होते.

शुक्रवारी एक चूक घडली. सायंकाळी सहाच्या सुमारास बर्फ संपला, थंड कॉफी मागणाऱ्या दहा-बारा जणांना परत जावे लागले, आणि त्यांपैकी एकाने नकाशावर दोन तारे देऊन तसे लिहिले. बहीण रडवेली झाली. ते लिखाण कसे काढावे, हे विचारू लागली. ते काढावयाचे नव्हते, कारण ते खरे होते. तिने त्याच्या खाली उत्तर लिहिले, की बर्फाचा अंदाज चुकला, उद्यापासून दुप्पट आणत आहोत, पुन्हा यावे. आणि शनिवारच्या पोस्टमध्येही तीच गोष्ट एका ओळीत सांगितली. चांगला अभिप्राय लिहिणाऱ्यास कॉफी फुकट, अशी युक्ती तिला कोणी तरी सुचविली होती. गूगलच्या नियमांत अभिप्रायाच्या बदल्यात मोबदला देण्यास मनाई आहे, आणि नियम नसता तरी पैसे देऊन घेतलेल्या स्तुतीवर दुकान चालत नाही, म्हणून ती बाजूस ठेवली.

आभाराची पोस्ट पुढच्या गुरुवारी गेली. अशा पोस्टांत बहुधा हात जोडलेली चिन्हे, गिऱ्हाइकांचे हसरे घोळके आणि ‘आपल्या प्रेमाबद्दल’ ही शब्दरचना असते. त्या घोळक्यांतील मुलामुलींना आपले छायाचित्र गावभर जावे असे वाटते की नाही, हे बहुधा कोणी विचारलेले नसते. या वर्ध्यात घरी न सांगता मैत्रिणीसह कॉफी प्यावयास आलेली मुलगी असू शकते, आणि तिचा चेहरा दुकानाच्या जाहिरातीसाठी वापरण्याचा अधिकार कोणासही नाही. बहिणीने रिकाम्या कपांच्या रांगेचे चित्र निवडले आणि खाली फलकाच्या रंगाऱ्याचे, दूधवाल्याचे, मागची जागा दुचाकींसाठी देणाऱ्या शेजाऱ्यांचे आभार मानले. त्यांची नावे त्यांना विचारूनच घातली. त्यानंतर आठवड्यात कळलेले बदल लिहिले: बर्फ आता पुरेसा आहे, सकाळी आठऐवजी साडेसातला उघडू, कारण सावंगीची बस पकडणाऱ्यांनी तशी मागणी केली, आणि सोमवारी दुकान बंद राहील.

त्या रात्री तिने निम्म्या किमतीची जुनी पोस्ट खाली उतरविली, नकाशावरील वेळ साडेसात केली, सोमवारसमोर ‘बंद’ असे लिहिले, आणि मगच फोन ठेवला.