दहापैकी चारच बरोबर, तरीही नफा

विलेपार्ल्यातील एखाद्या गुंतवणूकदाराची काल्पनिक वही उदाहरणादाखल घ्यावी. शेअरचा भाव मागील २० दिवसांचा उच्चांक ओलांडून बंद झाला की तो खरेदी करतो; स्टॉपलॉस असा ठेवतो की सौदा फसल्यास साधारण २,००० रुपयेच जावेत. ४० सौद्यांपैकी १६ साधले आणि त्यांत सरासरी ५,००० रुपये मिळाले. २४ फसले आणि त्यांत सरासरी २,००० गेले. यशाचे प्रमाण ४० टक्के, नफा-जोखीम गुणोत्तर अडीच. प्रत्येक सौद्याची अपेक्षित प्राप्ती अशी:

०.४० × ५,००० − ०.६० × २,००० = ८०० रुपये

दलाली व करांचे २०० वजा जाता ६०० उरतात.

वारंवार चुकण्याला कंटाळून तो २,५०० रुपयांवरच नफा पदरात पाडू लागला आणि यशाचे प्रमाण ५० टक्क्यांवर गेले, तर? प्राप्ती २५० होते. खर्च जाता अवघे ५० रुपये. बरोबर ठरण्याचे समाधान वाढले, मिळकत मात्र आटली.

तरीही ४० नोंदींवर विसंबू नये. सर्वांत मोठा नफा २०,००० रुपयांचा असेल, तर तो वगळताच उरलेल्या सौद्यांची सरासरी खर्चापूर्वी सुमारे ३०८ रुपयांवर येते. एवढा भार एकाच सौद्यावर असेल, तर पद्धत अजून सिद्ध व्हायची आहे.